सूर्यफुलातील पोचट दाणे व मधमाश्यांची योजना

सूर्यफुलाची कापणी झाल्यावर खळ्यावर पडलेली तबके बाहेरून सारखीच भरघोस दिसतात. मळणी होऊन उफणणी सुरू झाली की मात्र खरा प्रकार उघडकीस येतो. वाऱ्याबरोबर भुसा उडतो आणि त्या भुशात सालासह अखंड, पण आत गर नसलेले असंख्य दाणे असतात. शेतकरी त्यास पोचट म्हणतात. खत कमी पडले, बियाणे हलके निघाले, किंवा पाण्याची एक पाळी चुकली, अशी कारणे मग सांगितली जातात. यांपैकी प्रत्येक कारण काही शेतांत खरे असते. परंतु पुष्कळ शेतांत दाणा पोचट राहण्याचे कारण जमिनीत नसून फुलावर घडलेल्या, अथवा न घडलेल्या, एका क्रियेत असते. ती क्रिया म्हणजे परागीभवन होय. हे कारण कोणते आणि ते इतर कारणांपासून वेगळे कसे ओळखावे, हे समजल्याशिवाय मधपेट्या आणून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

सूर्यफुलाचे फूल म्हणून आपण ज्याकडे पाहतो ते एक फूल नसून फुलांचा समुदाय आहे. कडेच्या पिवळ्या पाकळ्या ही वांझ फुले असून त्यांचे काम कीटकांना दुरून दिसणे एवढेच असते. आतील तबकावर सुमारे हजार ते दीड हजार, मोठ्या तबकावर त्याहूनही अधिक, बारीक फुले दाटीने बसलेली असतात. यांतील प्रत्येक फुलापासून एकच दाणा तयार होतो. फुले एकदम उमलत नाहीत. प्रथम कडेची ओळ उमलते, दुसऱ्या दिवशी तिच्या आतील काही ओळी, आणि असे वर्तुळामागून वर्तुळ उमलत हवामानाप्रमाणे सुमारे पाच ते दहा दिवसांत उमलणे मध्यापर्यंत पोहोचते.

प्रत्येक बारीक फुलाची रीत अशी की, पहिल्या दिवशी त्याचे पुंकेसर नळीसारखे वर येतात व परागकण बाहेर पडतात. त्या वेळी फूल नराचे काम करते. दुसऱ्या दिवशी त्याच नळीतून स्त्रीकेसर वर सरकते, त्याची टोके दुभंगतात, आणि परागकण स्वीकारण्याची अवस्था येते. म्हणजे एका फुलाचे पराग निघून गेल्यावर त्याचीच कुक्षी तयार होते. शिवाय सूर्यफुलाच्या पुष्कळ झाडांत स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर पडले तरी फलधारणा होत नाही. दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. पराग वाऱ्याने वाहून नेता आले असते तर प्रश्न सुटला असता. पण सूर्यफुलाचे परागकण जड व चिकट असतात. मका अथवा ज्वारीप्रमाणे ते वाऱ्यावर उधळत नाहीत. ते एखाद्या कीटकाच्या अंगावरील केसांना चिकटून, त्याच्याबरोबर दुसऱ्या तबकावर जावयाचे असतात.

सूर्यफुलाचे तेलबियांचे पीक म्हणून आपल्या देशात आगमन १९६९ मध्ये झाले. त्या वेळी सोव्हिएत रशियातून आणलेल्या पेरेडोविकसारख्या जातींत स्वतःचे पराग नाकारण्याचा हा गुण फार प्रबळ होता, आणि पोचट दाण्यांची तक्रारही तेव्हापासूनची आहे. पुढे १९८० मध्ये बीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. त्यानंतरच्या संकरित वाणांत स्वपराग स्वीकारण्याची क्षमता कमीअधिक प्रमाणात आलेली आहे. त्यामुळे मधमाश्यांपासून होणारा लाभ सर्व वाणांत सारखा असत नाही. जुन्या सुधारित जातींत तो मोठा असतो व काही संकरित वाणांत बेताचाच असतो. म्हणून “मधपेट्या ठेवा, उत्पन्न इतके टक्के वाढेल” असे सरसकट सांगणे बरोबर नाही. आपल्या शेतात, आपल्या वाणात किती फरक पडतो हे पाहण्याची सोपी रीत आहे. तीच येथे प्रथम सांगितली आहे.

तीन दोऱ्यांची परीक्षा

शेतात कळ्या तयार झाल्या असून पिवळ्या पाकळ्या अद्याप उघडल्या नाहीत, अशा वेळी शेताच्या मध्यभागी सारख्या वाढीची पंधरा झाडे निवडावीत. बांधाकडेची झाडे घेऊ नयेत, कारण तेथे माश्यांची व ओलीची परिस्थिती वेगळी असते. पाच झाडांना तांबडा, पाच झाडांना पांढरा व पाच झाडांना निळा दोरा बांधावा. तांबड्या दोऱ्याच्या झाडांची तबके मच्छरदाणीच्या कापडाच्या सैल पिशवीत घालून पिशवीचे तोंड देठाशी बांधावे. प्लास्टिकची पिशवी वापरू नये. तीत वाफ धरून तबक कुजते. पांढऱ्या दोऱ्याची झाडे तशीच सोडावीत. निळ्या दोऱ्याची झाडेही उघडीच ठेवावीत, परंतु त्यांना हाताने पराग द्यावेत.

हाताने पराग देण्यासाठी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, दव सुकल्यावर, तळहातास मऊ मलमलीचे कापड गुंडाळून ते प्रथम शेजारच्या तीनचार उमललेल्या तबकांवरून हलके फिरवावे. कापडावर पिवळी भुकटी दिसू लागली की तोच हात निळ्या दोऱ्याच्या तबकावरून फिरवावा. तबक पूर्ण उमलेपर्यंत एक दिवसाआड हे करावे. जोर लावू नये, नाहीतर कोवळ्या कुक्षी मोडतात. उमलणे संपून पाकळ्या सुकल्या की पिशव्या काढून टाकाव्यात, म्हणजे दाणे भरण्याच्या काळात तिन्ही गटांना ऊन व वारा सारखाच मिळेल.

कापणीच्या वेळी प्रत्येक तबकातून भाकरीचा चतकोर तोडावा तसा कडेपासून मध्यापर्यंतचा तुकडा कापून घ्यावा व त्यातील सर्व दाणे मोजावेत. नुसते कडेचे दाणे मोजल्यास निष्कर्ष फसतो. दाणा भरीव की पोचट हे नखाने दाबून पाहावे. पोचट दाणा चटकन बसतो. पाण्यात टाकून तरंगणारे दाणे पोचट समजण्याची काही ठिकाणी रीत आहे, पण सूर्यफुलाचा भरीव दाणाही टरफलातील हवेमुळे तरंगतो, तेव्हा ती येथे उपयोगाची नाही.

समजा, एका शेतात शंभर दाण्यांमागे पिशवीतील तबकात २२, मोकळ्या तबकात ५८ व हाताने पराग दिलेल्या तबकात ८२ दाणे भरीव निघाले. पहिल्या व दुसऱ्या आकड्यांतील अंतर माश्यांनी आजवर केलेले काम दाखविते. दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांतील अंतर माश्यांअभावी राहून गेलेले काम दाखविते. झाड ८२ दाणे भरण्यास समर्थ होते, जमीन व पाणी त्यास पुरेसे होते. उणीव पराग पोहोचविणाऱ्याची होती. अशा शेतात मधपेट्यांचा उपयोग होईल.

उलट मोकळ्या तबकात ५८ व हाताने पराग दिलेल्यात ६१ दाणे भरले असतील, तर माश्या पुरेशा आहेत. उणीव दुसरीकडे शोधावी. पाण्याचा ताण, झाडांची दाटी, किंवा बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता ही त्यांतील नेहमीची कारणे होत. बोरॉनची उणीव असलेल्या जमिनीत पाकळ्या उघडण्याच्या सुमारास दर लिटर पाण्यात २ ग्रॅम बोरॅक्स मिसळून तबकांवर फवारण्याची शिफारस आहे. पिशवीतील व मोकळ्या तबकांत जवळजवळ सारखेच आणि भरपूर दाणे भरले असल्यास तो वाण स्वपरागावर भागविणारा आहे, आणि पेट्यांवर खर्च करण्याचे कारण नाही.

या फरकाची किंमत किती, याचाही हिशेब करता येतो. मात्र त्यात एक खाच आहे. वरील उदाहरणात तबकावर हजार फुले धरल्यास भरीव दाणे ५८० वरून ८२० होतात. दाण्याचे वजन कायम धरले तर उत्पन्न चाळीस टक्क्यांनी वाढले असे वाटेल. परंतु तबकात दाणे कमी असले की उरलेले दाणे अधिक पोसतात. ५८० दाण्यांच्या तबकात एक दाणा सरासरी ५५ मिलिग्रॅम व ८२० दाण्यांच्या तबकात ४८ मिलिग्रॅम धरला, तर दोन्ही तबकांचे वजन अनुक्रमे सुमारे ३२ व ३९ ग्रॅम येते. फरक ७ ग्रॅमचा. हेक्टरी पन्नास हजार झाडे उभी असल्यास तो साडेतीनशे किलो होतो. खरा लाभ हाच. दाण्यांच्या संख्येवरून काढलेला फुगीर आकडा नव्हे. ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांपुढे बोलताना हा भेद अवश्य पाळावा, कारण फुगविलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून पेट्या आणलेला शेतकरी पुढील वर्षी पेट्यांचे नावही काढीत नाही.

तबकावरील नोंद कशी वाचावी

परीक्षा करण्यास वेळ मिळाला नसल्यास कापलेले तबकही पुष्कळ काही सांगते. फुले कडेपासून मध्याकडे वर्तुळाने उमलत असल्यामुळे प्रत्येक वर्तुळ एका दिवसाचे असते. पोचट दाणे तबकभर विखुरलेले असले तर माश्यांची उणीव सर्व काळ होती असे समजावे. कडेचे व मधले दाणे भरलेले असून मध्येच पोचट दाण्यांचे कडे असेल, तर दोनतीन दिवसांत काही विघ्न आले होते. त्या दिवसांत झड लागली असेल, दाट धुके असेल, अथवा शेजारच्या शेतात औषध फवारले गेले असेल. शेतकऱ्यास तारखा आठवत असतील तर कड्याची जागा आणि घटना यांचा मेळ बसतो. फक्त मध्यभाग पोचट असेल तर सहसा दोष परागीभवनाचा नसतो. मधली फुले शेवटी उमलतात, तोपर्यंत कडेच्या दाण्यांनी अन्नाचा ओढा आपल्याकडे घेतलेला असतो, आणि पाणी किंवा अन्न अपुरे पडल्यास मार मध्यालाच बसतो.

उभ्या पिकातही एक खूण दिसते. पराग मिळालेल्या फुलाची कुक्षी लवकरच सुकून आत जाते. पराग न मिळालेली कुक्षी मात्र वाट पाहात कित्येक दिवस टवटवीत राहते. म्हणून ज्या तबकावर दुभंगलेल्या कुक्षींचा अरुंद पट्टा दिसतो तेथे काम वेळेवर चालले आहे, आणि जेथे हा पट्टा रुंद, मखमलीसारखा दाट दिसतो तेथे माश्या कमी पडत आहेत. ही खूण फुलोऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसत असल्यामुळे उपायास वेळ उरतो. निदान हाताने पराग देण्याचे काम तरी त्याच दिवसापासून हाती घेता येते. लहान शेतात, घरचे मनुष्यबळ असल्यास, ते परवडते. मोठ्या शेतात मजुरीच परवडत नाही, आणि तेथे मधमाशीस पर्याय नाही.

कोणती माशी कामाची

महाराष्ट्रात सूर्यफुलावर येणाऱ्या माश्यांत आग्या माशीचा वाटा पुष्कळ ठिकाणी मोठा असतो. ती उंच झाडावर, कड्यावर किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत राहात नाही. तेव्हा तिच्या बाबतीत करण्यासारखे एवढेच की तिची पोळी जाळू नयेत. मध काढणारे टेंभे पेटवून संपूर्ण पोळे कापतात व माश्या मरतात. पोळ्यातील मध वरच्या बाजूस एका टोकाशी साठविलेला असतो. तेवढाच भाग कापून पिलांचा भाग तसाच ठेवला तर वसाहत टिकते. झुडपात लहान पोळे करणारी फुलोरी माशी व भिंतीच्या फटीत राहणारी, दंश न करणारी पोयाची माशी यांचेही काम चालू असते, पण मोठ्या शेतास त्या पुरत नाहीत.

पेटीत पाळण्याजोग्या माश्या दोन: आपली सातेरी आणि परदेशातून आलेली मेलिफेरा. सातेरी डोंगराळ भागास अनुकूल असून तिची वसाहत लहान असते व ती पेटीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर परिसरात काम करते. मेलिफेराची वसाहत मोठी असते आणि ती दोनतीन किलोमीटर सहज जाते. सूर्यफुलासारख्या सलग फुलोऱ्यावर व्यापारी पेट्या आणणारे बहुतेक पालक मेलिफेराच आणतात. हेक्टरी पाच पेट्या ही सर्वसाधारण शिफारस आहे. ती भरभक्कम वसाहतींबद्दल आहे. चार चौकटींवर विरळ पसरलेल्या माश्यांची पेटी मोजणीत एक धरू नये. सातेरीच्या पेट्या लहान असल्याने अधिक लागतात.

पेटीची ताकद पाहण्यासाठी पालकासमोर झाकण उघडावे. आठ-दहा चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात, आणि त्यांतील निदान चारपाच चौकटींत अंडी व उघड्या अळ्या असाव्यात. ही दुसरी अट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अळ्यांना पोसण्यासाठी पराग लागतात. अळ्या भरपूर असल्या की कामकरी माश्या पराग गोळा करण्यास अधिक संख्येने बाहेर पडतात. राणी नसलेली किंवा अंडी न घालणाऱ्या राणीची वसाहत बाहेरून गजबजलेली दिसली तरी पिकाच्या दृष्टीने तिचा उपयोग थोडा.

पेट्या आणण्याची वेळ व रीत

पेट्या फार लवकर आणणे हा नेहमीचा दोष आहे. फुलोरा सुरू होण्याआधी पेट्या आल्या, तर माश्या आसपासच्या बाभळीवर, तुरीवर किंवा तणांच्या फुलांवर जाऊ लागतात. आणि एकदा एका प्रकारच्या फुलांवर काम करण्याची सवय लागली की त्या सहसा त्याच फुलांकडे वळतात. शेतातील शंभरांपैकी पाच ते दहा तबके उमलू लागली की पेट्या आणाव्यात. त्याहून उशीर केल्यास कडेची वर्तुळे, म्हणजे ज्यांत सर्वांत मोठे दाणे भरतात तीच, हातची जातात.

वाहतूक रात्री करावी. सायंकाळी सर्व माश्या परतल्यावर प्रवेशद्वार जाळीने बंद करावे, हवेसाठी झाकणाखाली जाळी ठेवावी, आणि उजाडण्यापूर्वी पेट्या नव्या जागी मांडून द्वारे उघडावीत. पेट्या तीन किलोमीटरहून कमी अंतरावर हलविल्यास बाहेर गेलेल्या माश्या ओळखीच्या खुणांवरून जुन्या जागी परत जातात व तेथेच मरतात. म्हणून गावातल्या गावात पेट्या सरकविण्याचा मोह टाळावा.

पेट्या शेतात एका ओळीने न मांडता चार-पाचच्या गटांनी निरनिराळ्या बाजूंस ठेवाव्यात, म्हणजे सर्व शेत जवळ पडते. द्वार पूर्वेकडे असावे, कारण सकाळचे ऊन लवकर लागले की माश्या लवकर बाहेर पडतात. रब्बीच्या फुलोऱ्यात थंड सकाळी याचे महत्त्व विशेष असते. दुपारी सावली हवी. पेटी जमिनीपासून फूटभर उंच घडवंचीवर ठेवून तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, नाहीतर मुंग्या शिरतात आणि सातेरी तर मुंग्यांना कंटाळून पेटी सोडून जाते. जवळच उथळ परातीत खडे किंवा गोणपाट घालून पाणी ठेवावे. ते नसल्यास माश्या फवारणीच्या पिंपाभोवतीचे पाणी पितात.

चांगल्या फुलोऱ्यात मेलिफेराचा पिलांचा कोठा मधाने भरून जातो आणि राणीस अंडी घालण्यास जागा उरत नाही. अंडी घटली की परागांची गरज घटते, गर्दी वाढते, आणि वसाहत दुभंगून थवा निघून जाण्याची तयारी करते. यासाठी पालकाने वेळीच वर मधाचा कोठा चढवावा. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पालकाचे काम वाटते. परंतु पिलांचा कोठा तुंबला की नुकसान शेतकऱ्याच्या दाण्याचेही होते, म्हणून फुलोऱ्याच्या मध्यास एकदा पेटी उघडून पाहावी, असा आग्रह त्याने धरावा.

फवारणीचा प्रश्न

पेट्या आणूनही लाभ न झाल्याच्या तक्रारींची चौकशी केली तर पुष्कळदा औषधांच्या फवारणीचा मुद्दा निघतो. फुलोऱ्याच्या वेळी सूर्यफुलावर घाटे अळी पडते व शेतकरी साहजिकच घाबरतो. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम यांसारखी औषधे मधमाश्यांस अत्यंत विषारी असून त्यांचा अंश अनेक दिवस टिकतो. ती फुलोऱ्यात फवारूच नयेत. भुकटीची औषधे विशेष घातक, कारण भुकटी परागांप्रमाणेच माशीच्या केसांना चिकटून पेटीत जाते. घाटे अळीवर तिचाच रोग पसरविणारा विषाणू, एचएएनपीव्ही या नावाने मिळतो. तो मधमाशीस अपाय करीत नाही. उन्हाने तो निकामी होत असल्याने सायंकाळी फवारावा, आणि अळ्या लहान असतानाच. मोठ्या अळीवर त्याचा परिणाम मंद असतो. त्यासाठी तबके दररोज पाहण्याची सवय हवी.

दुसरे औषध वापरणे टळतच नसेल तर फवारणी सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर करावी आणि पालकास आदल्या दिवशी कळवावे. पेटी दिवसभर बंद ठेवण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. तो उन्हात घातक आहे. बंद पेटीत माश्यांच्या हालचालीने उष्णता वाढते, पोळी वितळतात आणि विषाने मेल्या नसत्या इतक्या माश्या घुसमटून मरतात. विषबाधा झाल्यास पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा खच पडतो, पुष्कळांची सोंड बाहेर आलेली असते, आणि जिवंत माश्या जमिनीवर गोल फिरताना दिसतात. तसे दिसल्यास उरलेल्या वसाहती त्याच रात्री तीन किलोमीटरपलीकडे हलवाव्यात. माशीस बांध कळत नाही. एका शेतकऱ्याने नियम पाळून शेजाऱ्याने सकाळी नऊला फवारणी केली तर सर्व व्यर्थ. म्हणून फुलोऱ्याचे पंधरा-वीस दिवस शिवारातील सर्वांनी फवारणीची वेळ ठरवून घेणे, हे काम ग्रामसेवकाच्या मध्यस्थीवाचून सहसा होत नाही.

इतर पिकांत फरक कोठे

सूर्यफुलास लागू पडणारे सर्व पिकांस लागू पडत नाही. तेलबियांत कारळा, म्हणजे खुरासणी, हे पीक परपरागावर सूर्यफुलाहूनही अधिक अवलंबून आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, सुरगाणा व पेठकडील डोंगरउतारांवर, हे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळे धमक फुलते. तेथील जंगलातील आग्या व सातेरी हेच त्याचे परागवाहक. वणवे व पोळी जाळणे यांमुळे ती घटली की कारळ्याचे दाणेही घटतात, आणि त्याचे खापर पावसावर फोडले जाते. मोहरी स्वपरागावर बरीच भागते, तरी माश्या आल्यास शेंगेत दाणे अधिक भरतात. करडई व तीळ यांना माश्यांचा लाभ होतो, पण त्या नसल्या तरी पीक बुडत नाही. भुईमूग व सोयाबीन यांची फुले स्वतःच्याच परागाने फळतात. त्यांच्यासाठी पेट्या भाड्याने आणणे निरर्थक आहे.

फळांतही असेच आहे. द्राक्षाच्या आपल्याकडील व्यापारी जाती स्वपरागावर फळतात व केळी परागावाचूनच फळते. कलिंगडाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या वेलावर नर व मादी फुले वेगळी असून मादी फूल एकाच सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्या काही तासांत त्यावर माशीच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. फेऱ्या अपुऱ्या पडल्या तर फळ गळते, अथवा एका अंगाने फुगून दुसऱ्या अंगाने आखडते. बाजारात असे वाकडे फळ बाजूला काढले जाते. डाळिंबात प्रत्येक दाणा एका बीजाभोवती तयार होतो; जितकी बीजे फलित होतात तितके दाणे भरतात. तेथे पेट्यांचा उपयोग आहे, परंतु बहाराच्या काळात फुलकिड्यांसाठी होणाऱ्या लागोपाठ फवारण्या हीच मुख्य अडचण असते, आणि फवारणीचे वेळापत्रक बदलल्याशिवाय डाळिंबाच्या बागेत पेटी ठेवू नये.

फुलोरा संपल्यानंतर

शेतातील नव्वद टक्के तबके मिटून पाकळ्या सुकू लागल्या की पेट्यांचे काम झाले. त्यानंतर त्या तेथे ठेवण्याने पिकास काहीच मिळत नाही, आणि वसाहतींची मात्र उपासमार सुरू होते. भरघोस फुलोऱ्यावर वाढलेल्या पिलांना पोसण्यास पुढे मकरंद नसतो. मधाचा कोठा काढून घेतलेला असेल तर पालकाने दोन दिवसांत पेट्या पुढच्या फुलोऱ्याकडे न्याव्यात, अथवा साखरेचा पाक द्यावा. उपाशी मेलिफेराच्या वसाहती एकमेकींचा मध लुटू लागतात. सातेरी तेवढीही वाट पाहात नाही; तिची वसाहत एखाद्या दुपारी पोळी रिकामी टाकून एकदम उडून जाते. पाक सायंकाळी, पेटीच्या आतच, बाहेर न सांडता ठेवावा.